फिटनेस तपासणीचं पत्र: क्रेनवरच्या मामांना ते कसं लिहावं

जालन्याच्या स्टील कारखान्यात, वाळूज-शेंद्र्याच्या एखाद्या शॉपमध्ये किंवा लातूरच्या तेलगिरणीत पर्सोनेलच्या टेबलावर नव्यानं बसलेल्या माणसाकडे कधी ना कधी शॉपचा इन्चार्ज येतो आणि म्हणतो, "त्या अमक्याची तब्येत बरी दिसत नाही. मेडिकलला पाठवा, एक लेटर काढा." लेटर काढायला दहा मिनिटं लागतात. पण कामगाराच्या कानावर 'मेडिकल' शब्द पडला की त्याला पहिलं ऐकू येतं ते 'अनफिट करून काढणार'. असं झालेलं त्यानं कुठंतरी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं, म्हणून त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. त्यामुळे पत्र असं हवं की माणूस तपासणीला जाईल, खरं सांगेल आणि परत येताना त्याचा मान शाबूत असेल. घाबरलेला माणूस डॉक्टरपुढं लपवतो आणि मग तपासणीचा कागद असून नसल्यासारखा होतो.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. मेल्टिंग शॉप आहे, इंडक्शन भट्टी आहे. वर केबिनमध्ये बसून चालवायची ईओटी क्रेन, तिच्या हुकाला वितळलेल्या पोलादाचं लॅडल. पोलाद साधारण १६०० अंश सेल्सिअसला. क्रेनवरचा माणूस पन्नाशीच्या आसपासचा, बदनापूरकडच्या गावातून मोटारसायकलवर येणारा. सगळं शॉप त्याला मामा म्हणतं. गेल्या महिन्यात दोनदा काहीतरी घडलं, आणि म्हणून इन्चार्ज तुमच्या टेबलापाशी उभा आहे.

आधी नोंद, मग पत्र

इन्चार्जला खुर्ची द्या आणि त्याच्याकडून घडलेलं लिहून घ्या: तारीख, पाळी, वेळ, जागा, कोणी पाहिलं, काय पाहिलं. इथंच बहुतेक जण घसरतात. "मामांना शुगर असावी" ही नोंद नव्हे, तो अंदाज आहे. "मामांचं लक्ष नसतं" हा शेरा झाला. नोंद अशी असते: "रात्रपाळी, पहाटे चारच्या सुमारास केबिनची शिडी उतरताना मध्येच थांबले. कठडा धरून दोनेक मिनिटं उभे होते. हात थरथरत होते, घाम आला होता. विचारल्यावर 'डोळ्यापुढं अंधारी आली' म्हणाले." दुसरी नोंद: "सिग्नलमननं थांबण्याचा इशारा दोनदा केला तरी क्रेन थांबली नाही, शिटी मारल्यावर थांबली. लॅडल रिकामं होतं."

या दोन नोंदींत आजाराचं नावही नाही. डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं तेवढंच आहे, आणि ते थेट क्रेनच्या कामाशी जोडलेलं आहे. पत्राला एवढाच पाया लागतो. तो नसेल तर पत्र काढू नका. माणूस फार रजा घेतो, वय झालंय, किंवा त्याच्या घरी कुणाला फिट येतात असं कुणीतरी सांगितलं, ही तपासणीला पाठवायची कारणं नव्हेत. कामावर पिऊन आल्याचा संशय असेल तर त्याची चौकशीची रीत वेगळी आहे, तिला मेडिकलचा बुरखा घालू नये. मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हेच एखाद्या पंचविशीतल्या पोरानं केलं असतं तर त्यालाही मी हेच पत्र दिलं असतं का? उत्तर 'नाही' आलं तर कारण तब्येतीचं नाही.

मात्र नोंद पक्की असेल तर क्रेनचा निर्णय पत्राची वाट बघत नाही. त्याच दिवशी मामांना खाली घ्यायचं. त्यांना जमिनीवरचं काम द्यायचं, हजेरी पूर्ण, पगार पूर्ण. याला कुठंही 'निलंबन' म्हणायचं नाही, हजेरीपत्रकातही नाही. आणि त्या दिवशी त्यांना मोटारसायकलवर एकट्यानं घरी सोडू नका. ज्याला शिडीवर अंधारी येते त्याला रस्त्यावरही येऊ शकते.

बोलणं पत्राच्या आधी

पत्र हातात पडण्याआधी माणसाला विषय माहीत हवा. मामांना ऑफिसात बोलवा, पण पाळी सुटताना सगळ्यांसमोर निरोप धाडून नव्हे. सोबत ज्याचं ते ऐकतात असा एकच माणूस असू द्या. युनियन असेल आणि मामांना हवं असेल तर त्यांचा प्रतिनिधी बसू द्या, त्यानं काम सोपंच होतं.

"मामा, बसा. चहा घ्या. त्या दिवशी शिडीवर काय झालं होतं?"

"काही नाही साहेब, जागरण झालं होतं. तुम्ही कामून एवढं मनावर घेता?"

"खाली माणसं असतात मामा, आणि वर तुम्ही. डॉक्टरनं एकदा बघू द्या. खर्च कंपनीचा, दिवस भरपगारी. आजार काय ते मला सांगायचं नाही, डॉक्टरला सांगा."

शेवटचं वाक्य विसरू नका, सगळ्या बोलण्यात त्याच्यानंच माणूस सैल होतो. उलट "तुम्हाला बीपी आहे का, गोळ्या चालू आहेत का" असं आपण विचारायला लागलो की दार बंद होतं. शिवाय ते विचारणं आपलं कामही नाही.

पत्राचा नमुना

पत्र मराठीत हवं. मामांना वाचता येईल, घरी मुलाला दाखवता येईल असं. हेडऑफिसची इंग्रजी प्रत लागत असेल तर ती फाईलला जोडा.

> दिनांक: …
>
> प्रति,
> श्री. (पूर्ण नाव),
> क्रेन ऑपरेटर, मेल्टिंग शॉप, टोकन क्र. …
>
> विषय: क्रेनवरील कामासाठी वैद्यकीय तपासणी करून घेण्याबाबत विनंती
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपण अनेक वर्षे मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवत आहात. हे पत्र आपल्या कामाविषयी तक्रार म्हणून किंवा शिस्तीची कारवाई म्हणून दिलेले नाही.
>
> दि. … रोजी रात्रपाळीत केबिनची शिडी उतरताना आपण मध्येच थांबलात आणि डोळ्यांपुढे अंधारी आल्याचे सांगितले. दि. … रोजी थांबण्याचा इशारा दोनदा होऊनही क्रेन शिटी वाजल्यावर थांबली. याबाबत दि. … रोजी आपल्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले आहे.
>
> आपल्या कामात उंचीवर चढणे, खालचा इशारा ओळखून लगेच प्रतिसाद देणे आणि वितळलेल्या पोलादाचे लॅडल हलवणे येते. हे काम आपल्यासाठी आणि खालच्या सहकाऱ्यांसाठी सध्या सुरक्षित आहे का, याविषयी डॉक्टरांचे मत घ्यावे, अशी आपल्याला विनंती आहे. नेमणूकपत्रातील वैद्यकीय तपासणीच्या कलमानुसार ही तपासणी ठरवली आहे.
>
> तपासणी डॉ. … यांच्याकडे दि. … रोजी सकाळी … वाजता ठेवली आहे. ही वेळ सोयीची नसल्यास दि. … पर्यंत कळवावे, दुसरी वेळ घेऊ. तपासणीचा व प्रवासाचा खर्च कंपनी करील. तो दिवस कामाचा दिवस धरला जाईल. हवे असल्यास घरचे माणूस सोबत आणावे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे कागद असल्यास ते तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवावेत. कंपनीला ते देण्याची गरज नाही.
>
> डॉक्टर कंपनीला फक्त एवढेच कळवतील: आपण हे काम करू शकता का, काही अटींसह करू शकता का, की काही काळ करू नये. आजाराचे नाव, औषधे किंवा तपासण्यांचे आकडे कंपनी मागणार नाही. तेवढे कळवण्यासाठी आपली लेखी संमती डॉक्टरांकडे घेतली जाईल.
>
> डॉक्टरांचे मत येईपर्यंत आपल्याला जमिनीवरील काम दिले आहे. या काळात आपल्या पगारात कपात होणार नाही.
>
> काही शंका असल्यास माझ्याशी बोलावे.
>
> आपला,
> (नाव, हुद्दा, फोन)
>
> प्रत मिळाली. (सही, दिनांक)

यातली दोन-तीन वाक्यं मुद्दाम तशी लिहिली आहेत. 'कामाविषयी तक्रार म्हणून दिलेले नाही' हे वर, घटनांच्या आधी आहे, कारण घाबरलेला माणूस पहिल्या चार ओळींतच पत्राचा सूर ठरवतो. घटना मात्र लपवलेल्या नाहीत. 'काही कारणास्तव' असं मोघम लिहिलं की माणसाला आपल्या मागे काहीतरी शिजतंय असं वाटतं. शेवटी 'प्रत मिळाली' आहे, 'मान्य' नाही. पत्र हातात पडलं एवढंच ती सही सांगते, आणि हे मामांना तोंडानंही सांगावं. नाहीतर कोऱ्या कागदावर सही घेतल्यासारखं त्यांना वाटतं.

'अन्यथा आपणावर योग्य ती कारवाई करण्यात येईल' हे वाक्य जुन्या मेमोतून चिकटून येतं. ते काढा. कायद्याच्या कलमांची रांगही पत्रात नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यानं जुन्या नमुन्यांतली कारखाने कायद्याची कलमं तशीच उतरवली तर चुकीचा हवाला जाऊ शकतो. कायदेशीर आधार फाईलवरच्या टिपणीत लिहा आणि तो लेबरच्या वकिलाकडून बघून घ्या. पत्रात नेमणूकपत्राचा किंवा मंजूर स्थायी आदेशांचा एक उल्लेख पुरतो. दोन्हीत तपासणीचं कलम नसेल तर ते वाक्य गाळा. त्यानंतरही पत्र विनंती म्हणून उभं राहतंच.

मामा कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवर असतील तर पत्र कुणाच्या लेटरहेडवर, हा प्रश्न येतो. नेमणूक ज्याची, पत्र त्याचं. क्रेनवरून खाली घेण्याचा निर्णय मात्र कारखान्याच्या व्यवस्थापनाचा, तो कॉन्ट्रॅक्टरवर ढकलता येत नाही.

पत्र हातात द्या, वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या. गावच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवू नका. पोस्टमन 'कंपनीचं पत्र' म्हणून दारात उभा राहिला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात मामांची नोकरी गेलेली असते. तारीख देतानाही त्यांना विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर ठरवून ठेवलेले असतात, आणि ठरल्या दिवशी न येणं म्हणजे नकार असं आपण उगाच समजून बसतो.

डॉक्टरांना वेगळं पत्र

नवे लोक हे पत्र लिहीतच नाहीत, आणि मग डॉक्टरांकडून एका शब्दाची चिठ्ठी येते: 'फिट'. कशासाठी फिट? डॉक्टरांनी मामांना खुर्चीत बसलेलं पाहिलं, शिडीवर नाही. कामाचं चित्र त्यांच्यापुढं आपणच ठेवायचं. साधारण एक पान पुरे: केबिन किती उंच, शिडी सरळ उभी की तिरकी, पाळीत किती वेळा चढउतार, केबिनमध्ये उष्णता किती, रात्रपाळी आठवड्याला किती, जेवणाची सुट्टी कधी, रंगीत दिव्यांचे इशारे ओळखावे लागतात का. सोबत त्या दोन नोंदी, जशाच्या तशा.

मग प्रश्न. मी तीनच विचारतो. हे काम हा माणूस आज सुरक्षितपणे करू शकतो का? नसेल तर यातला कोणता भाग नको: उंची, रात्रपाळी, उष्णता, एकट्यानं काम? आणि फेरतपासणी कधी? 'निदान काय' हा प्रश्न नाही. उत्तर फक्त याच प्रश्नांपुरतं द्यावं, असं शेवटी स्पष्ट लिहायचं.

कोणत्या तपासण्या करायच्या ते डॉक्टर ठरवतील. आपण यादी देऊ नये. एचआयव्हीची चाचणी 'सोबत करून टाका' असं तर कधीच नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं समजून दिलेल्या संमतीशिवाय ही चाचणी होत नाही आणि नोकरीसाठी तिची अट घालता येत नाही. बाई कामगार असेल तर गरोदरपणाच्या चाचणीबाबतही हाच संयम ठेवा.

डॉक्टर निवडताना कारखान्याचं काम जाणणारा शोधा. औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच हा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या औद्योगिक भागात काम करतात. मालकाचे घरचे डॉक्टर टाळा. ते कितीही चांगले असले तरी मामांना ते मालकाचेच वाटणार. डॉक्टरांना पुढच्या तज्ज्ञाचं मत हवं असेल तर घाटी रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणाचा कागद दोन्ही बाजूंना पटतो, वेळ मात्र जास्त लागतो. मामा ईएसआयमध्ये असतील तर उपचार तिथून होतील. तरी फिटनेसचं मत मागणारे आपण आहोत, म्हणून त्याचा खर्च आपलाच.

कागद परत आल्यावर

आपल्या उदाहरणात डॉक्टरांचं उत्तर असं आलं, समजा: 'केबिनमधील व उंचीवरील काम आणि रात्रपाळी सहा आठवडे देऊ नये. जमिनीवरील काम दिवसपाळीत चालेल. जेवणाच्या वेळा चुकवू नयेत. सहा आठवड्यांनी फेरतपासणी.' मामांना नेमकं काय झालंय ते यात नाही, आणि पर्सोनेलला त्याची गरजही पडली नाही. जेवणाच्या वेळेच्या वाक्यावरून तर्क लढवायचा मोह होईल. लढवू नका, आणि इन्चार्जलाही लढवू देऊ नका.

हा कागद बंद पाकिटात एकाच माणसाच्या नावे यावा आणि हजेरीच्या फाईलपासून वेगळा, कुलपात राहावा. इन्चार्जला फक्त अटी सांगायच्या: दिवसपाळी, खाली काम, जेवण वेळेवर, अमुक तारखेपर्यंत. सर्टिफिकेटचा फोटो शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय बऱ्याच शॉपमध्ये आहे. एकदा तो तिथं गेला की पुढच्या माणसाला तपासणीला तयार करणं अशक्य होतं.

'फिट' एवढाच शब्द आला तर डॉक्टरांना फोन करून वाद घालू नका. आपले तीन प्रश्न पुन्हा जोडून लेखी उत्तर मागा. 'फिट' असं नीट, प्रश्नवार उत्तर आलं तर मामा वर जातील, मनात शंका असली तरी. नंतर पुन्हा काही घडलं तर पुन्हा नोंद, पुन्हा तपासणी. जोवर हवं ते उत्तर मिळत नाही तोवर डॉक्टर बदलत राहणं हा छळ आहे, आणि लेबर कोर्टात तो तसाच दिसतो.

उत्तर 'यापुढे क्रेन नको' असं आलं तर प्रकरण फिटनेसच्या पत्रापुरतं राहत नाही. आधी दुसरं काम शोधायचं: स्टोअर, वजनकाटा, सिग्नलमन. जिल्हा परिषद किंवा एसटी महामंडळासारखी सरकारी आस्थापना असेल आणि माणसाला नोकरीत असताना कायद्याच्या व्याख्येतलं अपंगत्व आलं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० त्याला काढायला किंवा हुद्दा कमी करायला मनाई करतं. त्याच पगारश्रेणीत दुसरी जागा द्यावी लागते. खासगी कारखान्यावर ते कलम तसंच्या तसं नाही, पण पर्याय न शोधता घरी बसवलं तर पुढं उत्तर देणं जड जातं. आणि मामा ईएसआयच्या आजारपणाच्या लाभावर असतील तर त्या काळात कामावरून काढण्याचं किंवा शिक्षेचं पत्र अजिबात नको. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ नं तशी नोटीसच निष्फळ ठरवली होती.

मामा नाही म्हणाले तर

पहिला नकार हा बहुतेक वेळा भीतीचा असतो. तारीख बदलून द्या, त्यांच्या पसंतीच्या पात्र डॉक्टरांकडून तपासणी चालेल असं सांगा, पण ते तीन प्रश्न तिथंही जोडा. घरच्यांशी बोलायला वेळ द्या. एवढं करून दुसरं पत्र काढावं लागलं तर त्यातही सूर तोच ठेवा आणि एक गोष्ट सरळ लिहा: 'तपासणी करून घेण्याची सक्ती आपल्या शरीरावर करता येत नाही. मात्र वैद्यकीय मताशिवाय आपल्याला क्रेनवर पाठवता येणार नाही.' ही धमकी नाही, वस्तुस्थिती आहे, आणि ती न सांगणंच अन्यायाचं ठरेल. स्थायी आदेशांत याबाबत काही असेल तरी त्याचा आधार या टप्प्यावर वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

इन्चार्ज मधेच येऊन म्हणेल, "माणूस कमी आहे, आजची पाळी चढू द्या, उद्या बघू." याला लेखी 'नाही' म्हणायचं. दोन नोंदी तुमच्या फाईलला असताना मामा वर चढले आणि काही झालं, तर त्या नोंदी पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.

सहा आठवड्यांनी फेरतपासणीत मोकळीक मिळाली तर परत वर पाठवायचंही एक छोटं पत्र असतं. त्यात तारीख, डॉक्टरांच्या मताचा दिनांक आणि उरलेल्या अटी असतील त्या, एवढंच. पहिल्या काही पाळ्या दिवसाच्या लावा आणि केबिनमध्ये दुसरा ऑपरेटर सोबत ठेवा. जमिनीवरच्या कामाची नोंद मामांच्या सेवापुस्तिकेत 'वैद्यकीय सल्ल्यानुसार तात्पुरते काम' अशी करा, म्हणजे पुढं बढतीच्या वेळी कुणी ती शिक्षा म्हणून वाचणार नाही.